छतावरचे काळे डाग: वरून गळतंय की खोलीतच दव धरतंय?

प्रश्न: ठाण्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो. जून संपता संपता बेडरूमच्या छतावर, बाहेरच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात काळे ठिपके आले आणि आता ते पसरताहेत. हात लावला तर गार आणि ओलसर लागतं. वरच्या घरातही त्या जागी बेडरूमच आहे, ते म्हणतात आमच्याकडे काही गळत नाही, आम्ही तर रात्रभर एसी लावून झोपतो. वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो स्लॅबला भोकं पाडून इंजेक्शन मारावं लागेल. मारून घेऊ का?

उत्तर:

आत्ता मारू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून ही गळती नसून छताला खालच्या बाजूने दव धरत असण्याची शक्यता जास्त वाटते, आणि तसं असेल तर स्लॅबमध्ये कितीही केमिकल भरलं तरी पुढच्या पावसाळ्यात ठिपके परत येतील. उलट भोकं पाडताना स्लॅबमधली वायरिंगची नळी किंवा सळई दुखावण्याचा धोका आहे. मी इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, आणि मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात वरच्या घरातला एसी आणि खालच्या घरातली बुरशी ही जोडी गेल्या काही वर्षांत फार दिसायला लागली आहे. तुमच्या प्रश्नातलं कामाचं वाक्य शेजाऱ्यांचंच आहे: रात्रभर एसी.

हवेत जितकी वाफ असते त्यानुसार एक तापमान ठरतं, ज्याच्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. त्याला दवबिंदू म्हणतात. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो तो याचमुळे. दवबिंदूचा अंदाज घरच्या घरी काढता येतो. खोलीतली आर्द्रता शंभरातून वजा करा, उरलेल्याला पाचने भागा आणि तेवढे अंश खोलीच्या तापमानातून कमी करा. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या वर असेल तेव्हा हा हिशेब पुरेसा बरोबर येतो. जुलैत ठाण्यात खोलीत २९ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता ही काही विशेष गोष्ट नाही. शंभरातून ८५ गेले १५, भागिले पाच म्हणजे तीन, म्हणून दवबिंदू २६ अंश. म्हणजे तुमच्या खोलीतली कुठलीही गोष्ट २६ अंशांपर्यंत गार झाली की तिच्यावर पाणी धरणार.

आता छत २६ अंशांपर्यंत उतरतं का? वर १८ वर एसी लावला असेल तर उतरतं. आपल्याकडे दोन घरांमधला स्लॅब साधारण पाच इंचांचा, वर दीडदोन इंच मसाला आणि लादी. काँक्रीट उष्णता सहज वाहून नेतं, त्यामुळे एवढी जाडी असूनही ती फारशी अडवत नाही. हिशेब मांडला तर खाली २९ आणि वर १८ अंश असताना तुमच्या छताचा खालचा पृष्ठभाग २५ ते २६ अंशांच्या आसपास येतो. वरच्या एसीची गार हवा जड असल्याने जमिनीवर साचते, आणि त्यांची जमीन म्हणजेच तुमचं छत. पहाटे चारपाचला, म्हणजे एसी सहासात तास चालल्यावर, ते सगळ्यात गार असतं.

आणि बुरशीला थेंबही लागत नाहीत. पृष्ठभागाला लागून असलेल्या हवेची आर्द्रता बरेच दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर राहिली की तेवढ्यावर ती वाढते. म्हणून छत कधी टपकलेलं दिसत नाही, नुसतं गार लागतं, आणि ठिपके मात्र वाढत जातात. खायला तिला पुट्टीतली आणि डिस्टेंपरमधली सेंद्रिय द्रव्यं आणि बसलेली धूळ पुरते. कोपऱ्यातच आधी का, तर छत, भिंत आणि बीम जिथे मिळतात तिथे पंख्याचा वारा पोचत नाही. मधल्या छताला खोलीतली उबदार हवा सतत घासत असते, ती त्याला थोडं गरम ठेवते. कोपऱ्यात हवा थबकते आणि तो भाग एखादा अंश गारच राहतो. तो एक अंश पुरतो. कपाटाच्या वरची लॉफ्ट छताला टेकलेली असेल तर तिच्या मागेही हेच होतं, तेव्हा एकदा बॅटरी घेऊन तिथेही बघा.

गळतीचं रूप वेगळं असतं. गळतीचं पाणी काँक्रीटमधून येताना क्षार घेऊन येतं. म्हणून डागाला पिवळसर-तपकिरी कड दिसते, प्लास्टरवर पांढरा लोणा फुलतो, पुट्टी फुगून पोपडे सुटतात, जुनी गळती असेल तर भेगेतून चुन्याचे पांढरे ओघळ लोंबतात. डाग एका जागेपासून सुरू होऊन बाहेर पसरतो. दव धरून आलेली बुरशी म्हणजे सुट्टे काळे-हिरवट ठिपके, कडा नसलेले, खालची पुट्टी बहुधा घट्ट, आणि ओल्या फडक्याने पुसले तर बरेचसे निघून येणारे. क्षार भरलेल्या ओलीवर बुरशी सहसा नीट धरतही नाही. म्हणून लोणा आणि पोपडे असतील तर आधी गळती शोधायची, नुसते ठिपके असतील तर आधी हवा.

मात्र एक गोष्ट चांगल्या चांगल्यांना फसवते. वरच्या एसीची पाण्याची नळी भिंतीत गाडलेली असेल आणि ती सांध्यातून गळत असेल, तर ती ओलसुद्धा एसी चालू असतानाच येते. ‘एसी लावला की ओल, बंद केला की नाही’ एवढ्यावरून निकाल देता येत नाही. नळीची गळती असेल तर ओल त्यांचं एसीचं युनिट ज्या भिंतीवर आहे त्या भिंतीच्या रेषेत, पट्ट्यासारखी उतरते आणि बाकी छत कोरडं असतं. शेजाऱ्यांना युनिटच्या खालच्या पन्हाळीत खाण्याचा रंग घातलेलं तांब्याभर पाणी हळूहळू ओतायला सांगा. ते सगळं बाहेरच्या टोकाला निघालं आणि तुमच्याकडे दुसऱ्या दिवसापर्यंत रंग दिसला नाही, तर नळीवरचा संशय बराचसा फिटतो. दुसरी शक्यता बाहेरच्या भिंतीची. तुमचा कोपरा बाहेरच्या बाजूचा आहे, म्हणून प्लास्टरला किंवा बीमच्या सांध्याला भेग आहे का ते खिडकीतून वाकून नको, समोरच्या इमारतीतून किंवा गच्चीवरून फोनने झूम करून बघा. भेगेतून येणारी ओल मोठ्या सरीनंतर काही तासांनी ते एखाददोन दिवसांनी वाढते आणि चारपाच दिवस उघडीप मिळाली की उतरते. तिला एसीशी घेणंदेणं नसतं.

आता चाचणी. स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइल घ्या, फूटभर लांबरुंद तुकडा कापा. छताचा तो भाग आधी पुसून पंख्याने किंवा हेअर ड्रायरने कोरडा करा आणि फॉइल चारही बाजूंनी रुंद चिकटपट्टीने पक्का चिकटवा, हवा आत जाता कामा नये. तसाच दुसरा तुकडा त्याच खोलीत, पण ठिपके नसलेल्या जागी लावा. दोन रात्री जाऊ द्या आणि पहाटे, वरचा एसी बंद व्हायच्या आधी बघा. खोलीच्या बाजूने फॉइल ओला आणि मागून कोरडा, तर पाणी तुमच्या हवेतलं आहे. पुढून कोरडा आणि मागे ओल साचलेली, तर पाणी स्लॅबमधून येतंय. दोन्हीकडे ओल असेल तर घाई करू नका. आठवडेच्या आठवडे दमट राहिलेलं प्लास्टर आधी प्यायलेलं पाणीही परत देतं. अशा वेळी फॉइल काढून, आणखी दोन दिवस जागा सुकवून, तीच चाचणी पुन्हा करायची.

यासोबत दोन स्वस्त उपकरणं घ्या: खोलीचं तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळासारखं यंत्र आणि पृष्ठभागाचं तापमान दाखवणारा इन्फ्रारेड थर्मामीटर. माणसाचा ताप मोजणारा नव्हे, कारखान्यात वापरतात तो. तो एकदोन अंश इकडेतिकडे दाखवू शकतो, म्हणून एकट्या आकड्यावर जाऊ नका. त्याच यंत्राने आतल्या भिंतीचं तापमान आणि छताचं तापमान घ्या आणि दोन्हींतला फरक बघा.

मुलुंडच्या एका घरात मी हेच केलं होतं, तुमच्यासारखीच अवस्था होती आणि सोसायटीत पत्रापत्री सुरू झाली होती. सकाळी सहा वाजता खालच्या बेडरूममध्ये २९ अंश आणि ८६ टक्के आर्द्रता होती, म्हणजे दवबिंदू २६ च्या किंचित वर. पॅसेजचं छत २८.५ दाखवत होतं, बेडरूमचं मधलं छत २६.८, आणि ठिपक्यांच्या कोपऱ्यात २५.५. त्या कोपऱ्यावर बोट फिरवलं की ओली रेघ उमटत होती. फॉइल पुढून ओला, मागून कोरडा. पण मला खात्री पटली ती ठिपक्यांच्या आकारावरून. ते एका बाजूला सरळ रेषेत थांबले होते, पट्टी ठेवून आखल्यासारखे. वर जाऊन मापलं तर त्या रेषेवर त्यांच्या बेडरूमची आतली भिंत होती. भिंतीच्या पलीकडे त्यांचा हॉल, तिथे एसी नाही, म्हणून त्याखालचं छत स्वच्छ. पुढे ते कुटुंब दोन दिवस गावी गेलं, एसी बंद राहिला, तेव्हा त्याच कोपऱ्याचं तापमान २८ च्या पुढे गेलं आणि जागा आपोआप कोरडी झाली. पाऊस मात्र त्या दोन्ही दिवशी पडत होता. तुम्हीही वरच्या खोलीच्या भिंती तुमच्या छतावर खडूने आखून बघा. ठिपके त्या चौकटीत बसत असतील तर निम्मा निकाल तिथेच लागला.

उपायांकडे येऊ. इथे सगळ्यात जास्त दिला जाणारा सल्ला, ‘खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळती राहू द्या’, कोकण किनाऱ्यावर जुलैत अर्धाच खरा आहे. हा सल्ला थंड देशांतून आला. तिथे बाहेरची हवा गार आणि कोरडी असते, ती आत घेतली की खोली सुकते. आपल्याकडे पावसाळ्यात बाहेरच्या हवेचाच दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे ती आत घेऊन २५ अंशांचं छत कसं सुकणार? खिडकी उघडून फायदा होतो तो फक्त घरात तयार झालेली जास्तीची वाफ बाहेर घालवण्यापुरता. ती वाफही थोडी नसते. दहा बाय तेराच्या खोलीतली सगळी हवा २९ अंशांना जेमतेम लिटरभर पाणी वाफेच्या रूपात धरू शकते, आणि ८५ टक्क्यांना त्यातलं बहुतेक आधीच भरलेलं असतं. जागा उरते ती दीडशे मिलिलिटरची, म्हणजे एका कपाची. एका धुण्यातल्या पिळलेल्या कपड्यांत दोनेक लिटर पाणी सहज असतं. बेडरूममध्ये दोरीवर कपडे वाळत घातले आणि खिडकी लावून घेतली तर ते पाणी जाणार कुठे? सगळ्यात गार जागी, म्हणजे छताच्या कोपऱ्यात. म्हणून पहिला नियम: या खोलीत कपडे वाळवायचे नाहीत. जागाच नसेल तर ज्या खोलीवर एसी नाही तिथे, पंखा आणि खिडकी दोन्ही चालू-उघडं ठेवून.

दुसरा उपाय फुकटचा आहे. वर एसी चालू असेपर्यंत तुमचा छताचा पंखा रात्रभर चालू ठेवा. हवा छतावरून वाहत राहिली की खोलीतली ऊब त्याला मिळत राहते आणि तापमान एखादा अंश वर राहतं. कोपऱ्यावर रोखलेला छोटा भिंतीवरचा पंखा छताच्या पंख्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो, कारण छताच्या पंख्याचा झोत खाली जातो, कोपऱ्यात नाही.

तिसरा, वरच्यांशी बोला, पण तक्रार म्हणून नको. त्यांच्या घरात काहीही बिघडलेलं नाही आणि ते खोटंही बोलत नाहीत, हे त्यांना आधी सांगा. सहकारी सोसायट्यांच्या उपविधींत वरच्या बाथरूम-सिंकची गळती ही त्या सभासदाची जबाबदारी धरली जाते, पण ही गळतीच नाही, त्यामुळे पत्र पाठवून हाती काही लागत नाही. विनंती एवढीच करायची: एसी १८ ऐवजी २४-२५ वर ठेवा आणि सोबत पंखा लावा. १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडे विकले जाणारे घरगुती एसी सुरू केल्यावर आपोआप २४ वरच सुरू होतात, त्याच्या खाली आपण नेतो. २५ वर ठेवला तर तुमचं छत २७.८ च्या आसपास येतं आणि दव धरणं थांबतं. जमिनीवर जाड सतरंजी किंवा गालिचा घातला तर आणखी थोडी मदत होते.

पण तुमच्या लक्षात आलं असेल की दव थांबलं तरी खोलीतली हवाच ८५ टक्क्यांची आहे, आणि बुरशीला ऐंशी पुरतात. म्हणून पावसाळ्याचे तीनेक महिने खोलीची आर्द्रताच खाली आणावी लागते. तुमच्याकडे एसी असेल तर तोही २६ वर, दार-खिडकी बंद करून, रोज काही तास लावा. ड्राय मोड असेल तर तो वापरा. एसी हवेतलं पाणी काढून बाहेर टाकतो, आर्द्रता साठच्या आसपास आली की दवबिंदू १८च्या जवळ उतरतो आणि मग तेच गार छत निरुपद्रवी ठरतं. एसी नको असेल तर डीह्युमिडिफायर. एका बेडरूमला दिवसाला १२ ते २० लिटर क्षमतेचा पुरतो. तो खोली थोडी गरम करतो, टाकी रोज रिकामी करावी लागते, आणि खिडकी उघडी ठेवून चालवला तर नुसतं वीजबिल येतं. खोलीत कुणाला दमा असेल, लहान मूल झोपत असेल, तर मी बाकी सगळ्याच्या आधी हाच खर्च करायला सांगेन.

एवढं करूनही भागलं नाही, किंवा वरचे ऐकत नाहीत, तर छताला खालून उष्णतारोधक थर. २५ मिलिमीटरचा एक्सपीएस बोर्ड, म्हणजे बंद छिद्रांचा दाट फोम, छताला पूर्ण चिकटवायचा, सांधे सील करायचे आणि वरून जिप्सम किंवा सिमेंट बोर्डने झाकायचं. उघडा ठेवायचा नाही, तो पेट घेतो. मघाच्याच हिशेबाने, वर १८ असतानाही आतला पृष्ठभाग मग २८ अंशांवर राहतो. यात बारकावा एकच, पण तोच सगळे चुकवतात: बोर्ड आणि स्लॅबमध्ये पोकळी राहता कामा नये. मधूनमधून डिंकाचे गोळे लावून चिकटवला तर दमट हवा मागे शिरते आणि बुरशी आत, न दिसणाऱ्या जागी वाढते. याच कारणाने डाग झाकायला पीओपीचं फॉल्स सीलिंग करू नका. त्यात वर काचलोकर टाकणं तर त्याहून वाईट, ती पाणी धरून बसते. आधीच जिप्सम बोर्डचं सीलिंग असेल आणि कागदावर बुरशी गेली असेल तर तेवढा तुकडा कापून बदलावा लागतो, तो पुसून साफ होत नाही.

साफसफाईला सँडपेपर किंवा कोरडा ब्रश वापरायचा नाही, त्याने बुरशीची बीजं घरभर उडतात. एन-९५ मास्क, चष्मा, हातमोजे घाला, गाद्या-उशा खोलीबाहेर काढा. आधी साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि फडकं टाकून द्या. मग एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी असं करून लावा, पंधरा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसा. ब्लीचमध्ये बाथरूम साफ करायचं अॅसिड किंवा अमोनिया असलेलं क्लीनर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. आणि ही सफाई आर्द्रता आवरल्यावर करा, आधी केलीत तर काही आठवड्यांत पुन्हा तेच.

रंगकाम आत्ता नको. दिवाळीच्या सुमाराला, हवा कोरडी पडून छत दोनतीन आठवडे सुकलं की मऊ पडलेली पुट्टी ओली करून काढून टाका, सिमेंट बेसची पुट्टी भरा आणि बुरशीरोधक रंगाचे दोन हात द्या. हा रंग एकदोन मोसम वेळ काढून देतो, आर्द्रता तशीच राहिली तर त्याच्यावर धूळ बसून बुरशी त्या धुळीवर वाढते. छताला चमकदार दिसायची गरज नसेल तर चुन्याची सफेदी हा जुना आणि चांगला पर्याय आहे. ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की बुरशी धरत नाही, फक्त हवेने त्याचा जोर ओसरत जातो म्हणून दरवर्षी पावसाआधी एक हात द्यावा लागतो. प्लास्टिक पेंटवर तो धरत नाही, आधीचा रंग खरवडावा लागतो.

फॉइल मागून ओला निघाला तर मात्र यातलं काहीही करत बसू नका. आधी एसीची नळी, मग बाहेरची भेग, मग वरच्या घरात त्या भिंतीतून जाणारी पाण्याची लाइन, या क्रमाने शोध घ्या. उगम सापडेपर्यंत इंजेक्शनवाल्याला थांबवून ठेवा आणि फॉइलचे दोन्ही बाजूंचे फोटो तारखेसकट जपून ठेवा, सोसायटीला दाखवायला तेच लागतील.